प्रबंधाचं मनोगत पुन्हा लिहिताना : थोडक्यात हेतू, व्याप्ती आणि वाचनाची दिशा

प्रबंध बांधणीला द्यायच्या आधीच्या आठवड्यात जी पानं घाईघाईने लिहिली जातात, त्यांत मनोगताचा नंबर पहिला. सहा प्रकरणांत तळटीपेशिवाय एक विधान न करणारा विद्यार्थी इथे एकदम जन्मगाव, वडिलांचे कष्ट आणि शाळेतले गुरुजी यांच्यापासून सुरुवात करतो. त्यातलं काहीच खोटं नसतं, पण वाचकाला ज्यासाठी मनोगत उघडावंसं वाटतं ते त्यात सापडत नाही. हा वाचक म्हणजे आधी बहिःस्थ परीक्षक आणि पुढे शोधगंगेवर तो प्रबंध उघडणारा एखादा अनोळखी अभ्यासक. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात : हा प्रश्न का घेतला, तो कुठवर नेला आणि प्रबंध वाचताना काय ध्यानात ठेवायचं.

कामाला लागण्याआधी आपल्या विद्यापीठाची प्रबंधलेखनाची नियमावली पाहून घ्या. काही ठिकाणी मनोगत आणि ऋणनिर्देश वेगळे मागतात, काही ठिकाणी एकच पान चालतं. वेगळे असतील तर आभाराचं एकही वाक्य मनोगतात ठेवू नका. पहिल्या प्रकरणाशीही गल्लत नको. उद्दिष्टं, गृहीतकं, पूर्वसंशोधनाचा आढावा हे सगळं त्या प्रकरणाचं काम आहे. मनोगत दीड पानाच्या वर गेलं की बहुधा या दोन्हींपैकी काहीतरी त्यात शिरलेलं असतं.

आता एक नमुना घेऊ. या लेखापुरता रचलेला प्रबंध इतिहासाचा आहे. विषय : ‘रोजगार हमीच्या कामांवरील स्त्रिया : भूम, परांडा आणि कळंब तालुके, १९७२–१९९०’. मनोगताचा पहिला खर्डा असा :

> माझा जन्म भूम तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी आजी १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगत असे. सुकडी, मिलो, खडी फोडण्याचे काम हे शब्द तेव्हापासून कानांवर होते. घरची परिस्थिती बेताची असूनही वडिलांनी मला शिकवले. बी.ए.ला असताना इतिहासाची गोडी लागली. पुढे एका चर्चासत्रात रोजगार हमी योजनेवरील व्याख्यान ऐकले आणि याच विषयावर संशोधन करायचे ठरवले. अनेक अडचणी आल्या, परंतु मार्गदर्शकांच्या आशीर्वादाने हे काम पूर्णत्वास गेले. प्रस्तुत प्रबंध सहा प्रकरणांत विभागला आहे. पहिल्या प्रकरणात विषयाची ओळख, दुसऱ्या प्रकरणात दुष्काळाचा इतिहास…

आधी खुणा करा

खर्डा कागदावर काढा आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात एक शब्द लिहा : ‘का’, ‘कुठवर’, ‘कसं’, ‘ऋण’ किंवा ‘मी’. एका वाक्याला एकच खूण करायची. वरच्या खर्ड्यात वडिलांचं आणि मार्गदर्शकांचं वाक्य ‘ऋण’मध्ये जाईल, प्रकरणांची यादी ‘कसं’मध्ये, आणि उरलेलं जवळपास सगळं ‘मी’मध्ये. ‘कुठवर’ ही खूण एकदाही येत नाही. हेच तालुके का, १९९० ला का थांबलो, कोणती कागदपत्रं मिळाली नाहीत, याचा पत्ताच नाही. परीक्षक मौखिक परीक्षेत पहिल्यांदा नेमकं हेच विचारतात.

‘ऋण’ची वाक्यं उचलून ऋणनिर्देशात नेऊन ठेवा. ‘मी’ची वाक्यं मात्र लगेच खोडू नका.

‘मी’ कुठे ठेवायचा

मनोगतातून ‘मी’ पूर्ण हद्दपार करा असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. मुलाखतींवर आधारलेल्या कामात संशोधक कोण आहे यावर पुराव्याचं स्वरूप ठरतं, आणि ते लपवणं म्हणजे वाचकाची दिशाभूल आहे. म्हणून ‘मी’च्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा : हे कळल्यामुळे वाचक पुढचं एखादं प्रकरण वेगळ्या नजरेने वाचेल का?

इतिहासाची गोडी बी.ए.ला लागली की एम.ए.ला, यामुळे कोणत्याही प्रकरणाचं वाचन बदलत नाही. चर्चासत्राचंही तेच. पण आजीचं वाक्य पाहा. आता विद्यार्थिनीला विचारलं की आजी स्वतः कामावर होती का. होती. मुलाखती दिलेल्या बायका कशा भेटल्या? बऱ्याच जणी आजीच्या ओळखीतून. मग हे वाक्य राहायलाच हवं, फक्त त्याचा रोख बदलायला हवा. आजीची ओळख होती म्हणून बायका मोकळेपणाने बोलल्या, ही जमेची बाजू. त्याच ओळखीमुळे मुलाखती काही वस्त्यांतच जास्त झाल्या आणि इतर वस्त्यांतल्या बायका कमी आल्या, ही मर्यादा. आठवणीचं वाक्य असं पुराव्याचं वाक्य झालं की ते आत्मचरित्र राहत नाही.

हेतू प्रश्नापासून सुरू करा

हेतू लिहिताना ‘मला या विषयाची आवड होती’ इथून निघालं की बालपणाकडे जावंच लागतं. त्याऐवजी कागदपत्रांत किंवा शेतात, प्रयोगशाळेत, आकडेवारीत जिथे काहीतरी जुळत नव्हतं, तिथून निघा. नमुन्याच्या प्रबंधात ती जागा म्हणजे हजेरीपट. हजेरी बाईच्या नावावर लागली आहे आणि मजुरी मिळाल्याची सही नवऱ्याची किंवा दिराची आहे, अशा नोंदी दिसल्या. मग मजुरी कुणाच्या हातात पडली? विषयाचं मूळ इथे आहे, आणि ते दोन वाक्यांत सांगून होतं.

इथे एक सावधगिरी बाळगा. ‘या विषयावर आजवर कोणीही काम केलेले नाही’ हे वाक्य मनोगतात हटकून येतं आणि बहुतेक वेळा टिकत नाही. आढाव्याच्या प्रकरणात जेवढं दाखवलं असेल, तेवढंच इथे म्हणा.

व्याप्ती : कारणासकट

व्याप्तीत नुसत्या सीमा सांगून भागत नाही, त्या तिथेच का आखल्या तेही लागतं. आपल्या नमुन्यात १९७२ हे दुष्काळाचं आणि योजनेच्या सुरुवातीचं वर्ष म्हणून उघड आहे. पण रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. म्हणजे अभ्यासाच्या काळाचे दोन तुकडे पडतात : कायद्याच्या हमीआधीचा आणि नंतरचा. हे मनोगतात एका वाक्यात आलं, तर वाचक १९७५ ची मजुरी आणि १९८५ ची मजुरी एकाच तराजूत तोलणार नाही. काय घेतलं नाही, तेही लिहा. अभ्यास स्त्रियांच्या मजुरीचा आहे, पाझर तलाव आणि रस्ते पुढे किती टिकले याचा नाही.

मग ही व्याप्ती शीर्षकाशी, पहिल्या प्रकरणाशी आणि शेवटच्या प्रकरणाशी ताडून पाहा. मनोगतात अनेकदा नोंदणीच्या वेळच्या आराखड्यातली वाक्यं तशीच उतरलेली असतात. तेव्हा पाच तालुके ठरवलेले, प्रत्यक्षात तीन झाले, आणि मनोगत अजून ‘संपूर्ण जिल्ह्याचा’ म्हणतं. विसंगती अशी सापडते.

वाचनाची दिशा म्हणजे अनुक्रमणिका नव्हे

‘दुसऱ्या प्रकरणात अमुक, तिसऱ्यात तमुक’ हा परिच्छेद सरळ काढून टाका. दोन पानांनंतर अनुक्रमणिका आहेच. इथे फक्त अशा जागा सांगा, जिथे वाचक अडखळेल किंवा चुकीचा अर्थ घेईल. त्या शोधण्यासाठी विषयाबाहेरच्या एखाद्या सहाध्यायीला एक प्रकरण वाचायला द्या आणि तो जिथे थांबून ‘म्हणजे काय?’ विचारतो ती जागा टिपून ठेवा.

आपल्या नमुन्यात अशा तीन जागा निघतात. पहिली जिल्ह्याच्या आकड्यांची. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर हा वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे त्याआधीचे उस्मानाबाद जिल्ह्याचे एकूण आकडे आजच्या लातूरचा भाग धरून आहेत. हे माहीत नसलेला वाचक तक्त्यात मजुरांची संख्या अचानक घसरलेली पाहून भलताच निष्कर्ष काढेल. दुसरी जागा नावाची : २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, प्रबंधात मात्र कागदपत्रांतलं नाव ठेवलं आहे. तिसरी मुलाखतींच्या भाषेची. बायका दुष्काळी कामं आणि रोजगार हमीची कामं यांना एकाच नावाने ओळखतात, लेखिका मात्र दोन्ही वेगळी धरते.

हे सगळं जुळवून झालेला खर्डा :

> तहसील कार्यालयांतील हजेरीपट पाहताना एक विसंगती वारंवार दिसली : हजेरी स्त्रीच्या नावे आणि मजुरी मिळाल्याची सही घरातील पुरुषाची. कामावर गेलेल्या स्त्रीच्या हाती मजुरी पडत होती का, हा या प्रबंधाचा प्रश्न आहे.
>
> अभ्यास भूम, परांडा आणि कळंब या तालुक्यांपुरता असून काळ १९७२ ते १९९० आहे. त्यानंतरचे हजेरीपट तिन्ही तालुक्यांत सलग मिळाले नाहीत. २६ जानेवारी १९७९ ला कायदा लागू होण्यापूर्वीचा आणि नंतरचा काळ वेगळा तपासला आहे. कामांतून उभ्या राहिलेल्या तलाव-रस्त्यांचे मूल्यमापन येथे नाही. माझी आजी या कामांवर होती आणि बऱ्याच मुलाखती तिच्या ओळखीतून झाल्या. त्यामुळे काही वस्त्यांतील स्त्रिया कमी आल्या आहेत.
>
> १९८२ पूर्वीच्या जिल्हास्तरीय आकड्यांत आजचा लातूर जिल्हा समाविष्ट आहे. जिल्ह्याचे नाव कागदपत्रांप्रमाणे उस्मानाबाद असे ठेवले आहे. मुलाखतींत दुष्काळी कामे व रोजगार हमी यांचा उल्लेख एकत्र येतो, तेथे काळावरून केलेला फरक तळटीपेत दिला आहे. मुलाखत देणाऱ्यांची नावे बदलली आहेत. केवळ मजुरीच्या प्रश्नात रस असलेल्यांनी चौथे प्रकरण आधी वाचले तरी चालेल.

पान जेमतेम भरतं. पहिल्या खर्ड्यातून आजी तेवढी उरली, आणि तीही कामाच्या जागी.

आता हे पान प्रबंध न वाचलेल्या कुणालातरी द्या. वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा : प्रश्न काय आहे, काय सोडलं आहे, वाचताना कशाची काळजी घ्यायची? एखाद्या उत्तराला तो अडला तर त्या परिच्छेदात अजून दोन कामं एकत्र झालेली असतात, ती सुटी करा. मौखिक परीक्षेनंतर दुरुस्त्या सुचवल्या गेल्या तर प्रकरणांचे क्रमांक सरकतात. तेव्हा अंतिम प्रत अपलोड करण्यापूर्वी मनोगतातलं ‘चौथे प्रकरण’ अजून चौथंच आहे ना, ते बघून घ्या.