सात दिवसांची मुदत उलटल्यावर रिफंड मागणाऱ्या ताईंना काय लिहावं

ऑनलाइन साडीच्या दुकानात ग्राहकांचे मेसेज सांभाळायला नव्याने बसलात की पहिल्याच महिन्यात असा मेसेज येतो: "साडी नेसलेली नाही, टॅगही तसाच आहे. पण ब्लाउजला रंग जुळत नाही. मला पूर्ण पैसे परत हवेत." समजा साडी 3,850 रुपयांची, पार्सल 3 ऑक्टोबरला पोहोचलं, परतीची मुदत 7 दिवस आणि मेसेज आला 22 ऑक्टोबरला. नकार द्यायचा हे ठरलेलं, पण लगेच टाइप करायला घेऊ नका.

आधी तारखा तपासा. मुदत ऑर्डरच्या दिवसापासून नव्हे, पार्सल हातात पडल्यापासून मोजायची आणि त्यासाठी कुरिअरचं ट्रॅकिंग उघडून पाहायचं. मग जुने मेसेज वर सरकवून वाचा. ताईंनी 9 तारखेलाच "रंग पटत नाहीये" असं लिहिलं असेल आणि आपल्याकडून उत्तर गेलंच नसेल, तर त्यांनी मुदतीत कळवलं होतं. तिथे नकार देणं अन्यायाचं आहे, पैसे परत करा.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. "ब्लाउजला रंग जुळत नाही" आणि "फोटोत दाखवला त्यापेक्षा रंग वेगळा आहे" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत आवड किंवा गरज बदलली. दुसरीत माल दाखवल्याप्रमाणे नाही, आणि ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार दोष असलेला किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघालेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. बिलावर परतीची मुदत छापलेलीच नसेल, तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष मालासाठी 30 दिवस धरतो. म्हणून शंका आली तर फोटो मागवा. फोटो दिवसा, खिडकीपाशी काढलेला हवा. पिवळ्या बल्बखाली मोरपंखीसुद्धा हिरवा दिसतो.

इथे तक्रार पहिल्या प्रकारची आहे असं धरू. मग उत्तर असं जावं:

"नमस्कार ताई. साडी ब्लाउजला जुळली नाही, त्यामुळे तुमची अडचण झाली हे समजलं. पार्सल 3 ऑक्टोबरला पोहोचलं होतं आणि परतीची मुदत 10 तारखेला संपली, त्यामुळे आता पैसे परत करता येणार नाहीत. पण दोन गोष्टी नक्की करू शकतो. साडीला फॉल-पिको केलेला नसेल आणि टॅग असेल, तर तेवढ्याच किमतीची दुसरी साडी बदलून देऊ. आमच्याकडे पाठवायचं कुरिअर तुमचं, तुमच्याकडे पाठवायचं आमचं. किंवा ही साडी आवडली असेल, तर हिच्या काठाशी जुळणारा एक मीटरचा ब्लाउज पीस निम्म्या किमतीत पाठवतो. 31 ऑक्टोबरपर्यंत कळवलंत तर लगेच व्यवस्था करते."

नकार दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात, तारखेसह आणि एकदाच आला आहे. सुरुवातच "आमच्या पॉलिसीप्रमाणे" अशी केली तर वाचणाऱ्याला दार तोंडावर आपटल्यासारखं वाटतं. उलट "बघते, वरिष्ठांना विचारते" असं लिहिलं तर त्या चार दिवस आशेवर राहतात, आणि मग आलेला नकार फसवणुकीसारखा वाटतो. "सिस्टिम रिफंड घेत नाही" असं खोटं कारण तर कधीच देऊ नका. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मैत्रिणीला रिफंड मिळाला की ते उघडं पडतं.

ब्लाउज पीसचा पर्याय मुद्दाम ठेवला आहे. ताईंची खरी अडचण साडी नसून ब्लाउज आहे, आणि बऱ्याचदा त्या हाच पर्याय घेतात. पर्याय दोनच ठेवा, तेही शिल्लक माल पाहून. कबूल केलेला रंग नंतर संपलेला निघाला, तर या वेळी चूक आपली असते.

यावर "मग मी ग्राहक मंचात जाते" असं उत्तर येऊ शकतं. वाद घालू नका, पर्यायही वाढवू नका. वाढवले तर दमदाटीने काम होतं असा अर्थ निघतो. "तक्रार करण्याचा हक्क तुम्हाला नक्की आहे" एवढं म्हणून दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल द्या. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन विचारली तर तीही सांगा. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यावी लागते, तेव्हा मेसेज त्याच दिवशी पुढे पाठवा.

त्यांनी बदली स्वीकारली, तर साडी पॅक करण्याआधी टॅगचा आणि फॉल न लावलेल्या खालच्या काठाचा फोटो मागवून घ्या. पार्सल आल्यावर आपणही उघडतानाचा व्हिडिओ काढा. फॉलची टाके-भोकं काठावर बारीक रांगेत दिसतात, उसवला तरी लपत नाहीत.