मोकळ्या दांडीला कण धडकतो तेव्हा: या चुका टाळा

पहिल्या पीयूसीच्या रोटेशनमध्ये पोरांच्या हाताला आधी बसतात ती खिळ्यावर फिरणाऱ्या दांडीची गणितं. मग गुळगुळीत टेबलावर मोकळी पडलेली दांडी समोर आली, की तिथंही सवयीनं `ML²/3` लिहून मोकळे होतात. बेळगाव काय, निपाणी-खानापूर काय, सीईटीची तयारी करणाऱ्यांच्या वह्यांत ही चूक हमखास सापडते.

घरी कॅरम असेल तर बोर्डावर भरपूर पावडर टाका, लाकडी फुटपट्टी ठेवा आणि स्ट्रायकर तिच्या टोकावर काटकोनात मारा. दुसऱ्या टोकाकडे बघा: ते स्ट्रायकरच्या उलट दिशेला, मागं सरकतं. त्या टोकाला खिळा असता तर ते जागेवरच राहिलं असतं, कारण खिळ्यानं त्याला धरून ठेवलं असतं. ते धरून ठेवणारं बाहेरचं बल मोकळ्या दांडीवर नाही, म्हणूनच इथं संवेगही टिकतो. खिळ्याच्या गणितात तो टिकत नाही.

आता आकडे घेऊ. दांडी 2 kg, लांबी 1.2 m, स्थिर. 0.5 kg चा कण 4 m/s वेगानं तिच्या टोकावर काटकोनात आदळतो. टोक मध्यापासून 0.6 m वर आहे. मध्याभोवती जडत्व आघूर्ण `ML²/12` म्हणजे 0.24 kg·m².

आधी इलॅस्टिक टक्कर. टकरीनंतर कणाचा वेग u, दांडीच्या मध्याचा V आणि कोनीय वेग ω धरू.

```
0.5×4 = 0.5u + 2V
0.5×4×0.6 = 0.5×u×0.6 + 0.24ω
(V + 0.6ω) − u = 4
```

तिसरं समीकरण म्हणजे ऊर्जेचाच नियम, पण वेगात मांडलेला. वर्ग सोडवत बसण्यापेक्षा हे बरं. मात्र गडबड इथंच होते: बरेच जण `V − u = 4` लिहितात. कण मध्याला नाही, टोकाला लागला आहे, त्यामुळे दूर जाण्याचा वेग टोकाचा धरायचा आणि त्यात `0.6ω` येणारच. सोडवलं की u = 0, V = 1 m/s, ω = 5 rad/s. कण जागीच थांबतो. ऊर्जा पडताळा: आधी 4 J होती, नंतर सरकण्याची 1 J आणि फिरण्याची 3 J. ज्यांनी ऊर्जेत `½Iω²` धरलंच नाही, त्यांची तीन चतुर्थांश ऊर्जाच गायब होते.

आता तोच कण टोकाला चिकटला असं समजा. इथं ऊर्जेचं समीकरण लिहायचंच नाही. चिकटताना ती खर्च होते, किती ते शेवटी कळतं. संवेगावरून जोडीच्या वस्तुमान केंद्राचा वेग 2/2.5 म्हणजे 0.8 m/s.

कोनीय संवेग काढताना मात्र भलेभले घसरतात. दांडीच्या मध्याभोवती आधीचा 1.2, नंतरचं जडत्व आघूर्ण 0.24 + 0.5×0.6² = 0.42, म्हणून ω = 2.86. दिसतं अगदी बरोबर! पण यात कणाचा वेग गुपचूप `0.6ω` धरला गेला, म्हणजे दांडीचा मध्य टेबलाला खिळला. खिळा मागच्या दारानं परत आला. मध्य तर स्वतःही पुढं सरकतो आहे.

सरळ वाट म्हणजे नव्या वस्तुमान केंद्राभोवती हिशेब. ते मध्यापासून कणाच्या बाजूला 0.5×0.6/2.5 = 0.12 m सरकतं, म्हणजे कणापासून 0.48 m वर.

```
I = 0.24 + 2×0.12² + 0.5×0.48² = 0.384
0.5×4×0.48 = 0.384ω
ω = 2.5 rad/s
```

दांडीचा मध्य 0.8 − 2.5×0.12 = 0.5 m/s नं जातो, कण 0.8 + 2.5×0.48 = 2 m/s नं. एकूण संवेग 2×0.5 + 0.5×2 = 2, जुळला. ऊर्जा 0.8 + 1.2 = 2 J उरली, म्हणजे निम्मी गेली. चिकटल्यावर उरलेली ऊर्जा आधीपेक्षा जास्त आली, तर आकडेमोड तपासायची गरज नाही, मांडणीच चुकली.

दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघा. V 1 आणि 0.5, ω 5 आणि 2.5: इलॅस्टिकमध्ये दोन्ही बरोबर दुप्पट, कारण दांडीला बसलेला आवेगच दुप्पट, 1 च्या जागी 2 N·s. त्यामुळे `V/ω` दोन्हीकडे 0.2 m, म्हणजे `L/6`. मध्यापासून दुसऱ्या टोकाकडे इतक्या अंतरावरचा बिंदू धडकेच्या क्षणी हलत नाही आणि त्यापलीकडची दांडी मागं जाते. कण जड असो की हलका, टोकाला काटकोनात लागला तर हे अंतर बदलत नाही. तुमच्या उत्तरातलं `V/ω` `L/6` येत नसेल, तर V दांडीच्या मध्याचा आहे की जोडीच्या केंद्राचा, हे आधी बघा. चिकटण्याच्या गणितात हमखास 0.8 भागिले 2.5 केलेलं असतं.