मूत्रात 60 पट युरिया, म्हणजे तो स्रवला का? नेफ्रॉनच्या प्रश्नात या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. मागच्या चाचणीत वृक्काचा एक प्रश्न दिला होता. ग्लोमेरुलसमधून मिनिटाला 125 मिली गाळण होते, मूत्र मिनिटाला 1 मिली तयार होते. रक्ताच्या प्लाझ्मात युरिया 100 मिलीला 30 मि.ग्रॅ. आहे आणि मूत्रात 1 मिलीला 18 मि.ग्रॅ. नलिकेत युरियाचे काय झाले ते सांगा.

अर्ध्याहून जास्त पोरांनी लिहिले: मूत्रात युरिया 60 पट जास्त आहे, म्हणजे नलिकेने तो रक्तातून ओढून मूत्रात टाकला, म्हणजे स्रवण झाले. वाचायला पटते, पण उत्तर नेमके उलटे आहे. नलिकेने अर्धाअधिक युरिया रक्तात परत नेला.

हिशोब करून पाहू. 100 मिलीला 30 म्हणजे 1 मिलीला 0.3 मि.ग्रॅ. मिनिटाला 125 मिली गाळले, म्हणजे 125 गुणिले 0.3, म्हणजे 37.5 मि.ग्रॅ. युरिया नलिकेत उतरला. मूत्रातून बाहेर पडला तो 1 मिली गुणिले 18, म्हणजे 18 मि.ग्रॅ. उतरला 37.5 आणि निघाला 18. मधले 19.5 मि.ग्रॅ. कुठे गेले? परत रक्तात. पुनःशोषण.

मग 60 पट झाले कसे? पाणी गेले म्हणून. 125 मिलीतले 124 मिली पाणी नलिकेतून रक्तात परत गेले. उसाचा रस कढईत आटवला की गोडी वाढते, पण वरून कोणी साखर टाकलेली नसते. इथेही तेच. किंबहुना इथे आटता आटता कढईतली थोडी साखरही कोणी काढून नेली, तरी उरलेला रस मूळ रसापेक्षा गोडच राहिला.

म्हणून सांद्रता सांद्रतेशी ताडून निर्णय देऊ नका. मिनिटाला किती उतरले आणि मिनिटाला किती निघाले, एवढेच ताडा. झटपट पारख हवी असेल तर इन्युलिन लक्षात ठेवा. हा पदार्थ गाळला जातो, पण नलिका त्याला ना परत घेते ना वरून टाकते. त्यामुळे पाणी आटण्याने जेवढी वाढ व्हायची तेवढीच त्याची होते: 125 भागिले 1, म्हणजे 125 पट. सहज गाळला जाणारा एखादा पदार्थ मूत्रात 125 पटींपेक्षा कमी वाढला असेल, तर एकूणात तो परत घेतला गेला. जास्त वाढला असेल, तर वरून टाकला गेला. युरियाचे 60 हे 125 च्या खालीच आहे. एक मात्र विसरू नका, 125 हा आकडा या प्रश्नापुरता आहे. मूत्र मिनिटाला 2 मिली असेल तर तोच आकडा 62.5 होईल.

वर्गात हे फळ्यावर मांडले तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, युरिया त कचरा हाय, मंग शरीर वापस काहून घेते?"

प्रश्न खरा आहे. शरीर ठरवून घेत नाही. पाणी बाहेर गेले की नलिकेत युरिया दाट होतो आणि जिकडे विरळ आहे तिकडे आपसूक झिरपतो. त्यातला काही भाग वृक्काच्या आतल्या गाभ्यात, मज्जेत, साठून मूत्र दाट करायला मदतही करतो. "कचरा म्हणजे सगळा बाहेर" हे आपले गणित, नलिकेचे नाही.

याच उदाहरणात दुसरी घसरण होते ती एककाची. 30 गुणिले 125 करून 3750 मि.ग्रॅ. लिहिणारे दरवर्षी निघतात. चूक पकडायची सोपी रीत म्हणजे दिवसाचा हिशोब. मिनिटाला 3750 म्हणजे दिवसाला 5.4 किलो युरिया! खताच्या पोत्याचा हिशोब आहे तो, माणसाचा नाही. बरोबर उत्तराने दिवसाला 54 ग्रॅम नलिकेत उतरतो, त्यातला साधारण 26 ग्रॅम मूत्रातून निघतो, आणि नेहमीचे जेवण जेवणाऱ्या माणसात तो तेवढाच असतो.

आता स्रवण. मराठीत शिकणाऱ्यांची इथे एक खास अडचण आहे. "स्रवण" आणि "उत्सर्जन" हे दोन्ही शब्द ऐकायला "बाहेर टाकणे" असेच वाटतात, म्हणून पोरे एकाच्या जागी दुसरा लिहून मोकळी होतात. उत्सर्जन म्हणजे शेवटी मूत्रात जे शरीराबाहेर पडले ते. स्रवण म्हणजे रक्तातून नलिकेत टाकलेले, अजून शरीरातच. नाते असे:

उत्सर्जन = गाळलेले − परत घेतलेले + स्रवलेले

आकृतीत बाण चुकतात तेही याच गोंधळाने. बाण नलिकेतून रक्ताकडे असेल तर पुनःशोषण आणि रक्तातून नलिकेकडे असेल तर स्रवण. पण मग पोरे विचारतात की रक्त तर आधीच गाळून झाले, आता टाकायला उरले काय? इथेच चित्र अपुरे असते. ग्लोमेरुलसमध्ये आलेल्या प्लाझ्मापैकी जेमतेम पाचवा हिस्सा गाळला जातो. बाकीचे चार हिस्से बहिर्वाही धमनिकेतून पुढे जातात आणि त्याच नलिकेभोवतीच्या केशिकांत पसरतात. स्रवण होते ते या न गाळलेल्या रक्तातून. दिवाळीत सफाईला घरातले थोडे सामान अंगणात काढतो, कामाचे परत आत नेतो, आणि आतच राहिलेले एखादे फुटके गाडगे दिसले की तेही उचलून सरळ उकिरड्यावर टाकतो. ते गाडगे म्हणजे स्रवण.

खरे स्रवण आकड्यांत कसे दिसते ते पीएएच या पदार्थावरून कळते. तो तपासणीसाठी शिरेतून देतात. प्लाझ्मात 1 मिलीला 0.02 मि.ग्रॅ. आणि मूत्रात 1 मिलीला 12 मि.ग्रॅ. धरा. गाळले गेले 125 गुणिले 0.02, म्हणजे 2.5 मि.ग्रॅ., निघाले 12. वरचे 9.5 मि.ग्रॅ. कुठून आले? गाळण्यातून नाहीच, म्हणजे नलिकेने रक्तातून घेऊन टाकले. वाढ 600 पट आहे, 125 च्या कितीतरी वर. पेनिसिलीन शरीरातून लवकर निघून जाते तेही याच वाटेने.

पण या वजाबाकीची मर्यादाही सांगतो, कारण पोटॅशियमवर हमखास फसगत होते. त्यात उतरलेल्यापेक्षा निघालेले खूप कमी असते, म्हणून उत्तर येते पुनःशोषण. एकूणात ते खरेच आहे. मात्र आधीच्या भागांत गाळलेले बहुतेक पोटॅशियम परत जाते, आणि मूत्रात दिसणारे बरेचसे दूरस्थ नलिकेच्या शेवटी आणि संग्राहक नलिकेत नव्याने स्रवलेले असते. वजाबाकी फक्त शेवटची शिल्लक सांगते, मधली देवाणघेवाण नाही. म्हणून उत्तरात "एकूणात" हा शब्द लिहा.

ग्लुकोजवर थोडक्यात. "मधुमेहात नलिका साखर मूत्रात टाकते" हे वाक्य चूक आहे. साखर 100 मिलीला 90 मि.ग्रॅ. असताना मिनिटाला 112.5 मि.ग्रॅ. गाळली जाते आणि निकटवर्ती नलिका ती सगळी परत घेते. तिथल्या वाहक प्रथिनांची ताकद मिनिटाला साधारण 375 मि.ग्रॅ. साखर 400 झाली तर 500 मि.ग्रॅ. उतरते, 375 परत जाते आणि 125 मूत्रात. कोणी काही टाकले नाही, उचलणारे हात कमी पडले. चौकस पोरगी इथे विचारते, "सर, मंग 375 चा हिशोब लावला त हद्द 300 ला यायले पाह्यजे, पुस्तकात 180 काहून?" कारण सगळे नेफ्रॉन सारखे नसतात. काहींची ताकद आधीच संपते आणि तिथून साखर गळू लागते. 375 ही सगळ्यांची मिळून बेरीज आहे.

शेवटची चूक मे महिन्याची. पारा 45 वर, पोरगा दिवसभर बापासोबत वावरात, संध्याकाळी लघवी थोडी आणि हळदीसारखी पिवळी. "उन्हाळ्यात मूत्र कमी का होते?" याला उत्तर येते, "घाम जातो म्हणून गाळण कमी होते." निरोगी माणसात गाळण जवळपास तेवढेच राहते. बदलते ते संग्राहक नलिकेत. घामाने रक्त दाट झाले की एडीएच हे संप्रेरक वाढते आणि नलिकेची भिंत पाण्याला जास्त वाट देते. 125 पैकी 124 ऐवजी 124.5 मिली परत गेले की मूत्र 1 वरून अर्ध्या मिलीवर येते. पुनःशोषणात अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक, आणि मूत्र निम्मे.

ऊन लागून माणूस गळून गेला, रक्तदाब उतरला, तर मात्र गाळणही खरोखर घटते. ते तपासणीच्या कागदावर दिसते. गाळण घटले की क्रिएटिनिन हा स्नायूंतून येणारा कचरा आणि युरिया दोन्ही रक्तात वाढतात, पण पाणी कमी पडलेल्या माणसात युरिया जास्त पुढे पळतो. क्रिएटिनिन नलिकेतून परत येत नाही. युरिया येतो, आणि पाणी जितके जास्त ओढले जाईल, प्रवाह जितका मंद होईल, तितका तो जास्त येतो. "कचरा वापस काहून घेते" विचारणाऱ्या पोराला मी घरातल्याच एका जुन्या रिपोर्टवर हे दाखवले. युरिया 78, क्रिएटिनिन 1.4; नेहमीचे साधारण 30 आणि 1. दोन्ही आकडे नेहमीच्या किती पट झाले ते त्याने स्वतः बोटांवर मोजले आणि म्हणाला, "हा माणूस त पाणीच पेला नसंन सर."