मेंटेनन्सच्या नोटिशीचा स्क्रीनशॉट आणि सेक्रेटरीला हरकतीचं पत्र

कोकणातल्या सोसायट्यांत मेंटेनन्सवरून जे वाद होतात, त्यांत बिनभोगवटा शुल्काचा, म्हणजे सभासदानं स्वतः न राहता घर दुसऱ्याला वापरायला दिल्याबद्दल संस्था लावते त्या शुल्काचा, नंबर फार वर लागतो. फ्लॅट रत्नागिरीत किंवा कणकवलीत, मालक नोकरीनिमित्त डोंबिवलीत, घरात आई-वडील. नाहीतर घर वर्षभर बंद आणि गणपतीला, शिमग्याला उघडतं. कमिटीला एवढंच दिसतं की मालक इथे राहत नाही, आणि बिलात एक ओळ वाढते. मालकाला त्याचा पत्ता लागतो तो कोणीतरी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून.

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडतो. एक म्हणतो, मेंटेनन्स भरूच नको. दुसरा म्हणतो, थेट वकिलाची नोटीस पाठव. तिसरा ग्रुपवरच भांडायला सांगतो. तिन्ही सल्ले वाईट आहेत. मेंटेनन्स थांबवला की तुम्ही थकबाकीदार होता, व्याज सुरू होतं आणि वसुलीसाठी निबंधकाकडे जायला संस्थेला मोकळं रान मिळतं. मुद्दा तुमच्या बाजूचा असतो आणि चूकही तुमच्याच खात्यावर लागते. एका पानाचं नीट पत्र यापेक्षा कितीतरी जास्त काम करतं. कमिटीवर असताना अशी पत्रं मी घेतली आहेत आणि शेजाऱ्यांसाठी लिहिलीही आहेत, त्यामुळे कोणतं पत्र बैठकीत वाचलं जातं आणि कोणतं नुसतं फाइलला लागतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आधी नोंदणी पाहा

पावतीवर किंवा लेटरहेडवर नोंदणी क्रमांक असतो. संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेली असेल तर पुढचं सगळं लागू आहे. इमारत 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असेल तर खर्चाची वाटणी घोषणापत्रातल्या हिश्श्याप्रमाणे होते, तिथे हे पत्र चालणार नाही. इमारतीच्या नावात ‘अपार्टमेंट’ आहे एवढ्यावर जाऊ नका, नोंदणीच पाहा.

स्क्रीनशॉट कामाचा करून घ्या

संध्याकाळी आलेल्या मेसेजचा लगेच स्क्रीनशॉट काढला तर व्हॉट्सॲपवर वर ‘आज’ असं दिसतं. महिन्याभरानं त्या ‘आज’ला काहीच अर्थ राहत नाही. म्हणून लगेच काढलेला ठेवाच, पण आठ-दहा दिवसांनी त्याच मेसेजचा पुन्हा एक काढा. तेव्हा वर पुरती तारीख येते. ग्रुपचं नाव आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसू द्या, कडा कापू नका. दुसऱ्याच्या फोनवरून फॉरवर्ड होऊन आलेलं चित्र असेल तर मूळ मेसेज ग्रुपवर शोधून तिथला घ्या.

पुष्कळदा तो स्क्रीनशॉट म्हणजे जिन्याखालच्या बोर्डवर लावलेल्या कागदाचा फोटो असतो. पावसाळ्यात तो कागद सर्द होतो, शाई फुटते, 3 आणि 8 सारखे दिसायला लागतात. आकडा नीट लागत नसेल तर अंदाजानं लिहू नका. नोटिशीची सही-शिक्क्याची प्रत पत्रातच मागा. चुकीचा आकडा लिहिलेलं पत्र सेक्रेटरी त्या एका आकड्यावर बोट ठेवून परत करतो.

वादाची ओळ: इथेच पत्र बनतं किंवा बिघडतं

या टप्प्यावर मी सुरुवातीला फार अडायचो. ‘सोबत जोडलेला स्क्रीनशॉट पाहावा, ही आकारणी बेकायदेशीर आहे’ एवढं लिहून भागत नाही. चित्राची झेरॉक्स काळी पडते, फाइलमध्ये कोणाला काही वाचता येत नाही, आणि बैठकीत सेक्रेटरी तुमचं पत्र मोठ्यानं वाचतो तेव्हा त्यात नेमकी हरकत कशाला आहे तेच सापडत नाही. स्क्रीनशॉट हा पुरावा आहे, मजकूर तुम्हालाच लिहायचा आहे. ज्या ओळीला हरकत आहे ती नोटिशीत जशी आहे तशी, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, पत्रात उतरवून काढा.

मग हिशोब करा. एक उदाहरण घेऊ. तीन महिन्यांच्या बिलात सेवा शुल्क 2,400 रुपये, दुरुस्ती निधी 1,350, सिंकिंग फंड 450 आणि पाणी 600 आहे. घरपट्टी मालक नगर परिषदेत परस्पर भरतो. बेरीज 4,800 होते. त्याखाली ‘बिनभोगवटा शुल्क 1,200’ अशी ओळ आणि एकूण 6,000. हे 1,200 आले कुठून? 4,800 चे 25 टक्के. कमिटीनं टक्का मनानं ठरवला आणि तो सगळ्या बिलावर लावला.

राज्य शासनानं सहकार कायद्याच्या कलम 79अ खाली 1 ऑगस्ट 2001 रोजी काढलेला आदेश याबाबत स्पष्ट आहे. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘सेवा शुल्काच्या’ हा शब्द धरून ठेवा. पहारेकरी, झाडलोट, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च, ऑडिट फी हे सेवा शुल्क. दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पाणी आणि कर त्यात येत नाहीत. म्हणजे हाच फ्लॅट भाड्यानं दिलेला असता तरी शुल्क 2,400 चे 10 टक्के, 240 रुपये झालं असतं. वरचे 960 रुपये तिथेही गळतात.

आणि आपल्या उदाहरणात फ्लॅट भाड्यानं दिलेलाच नाही, तिथे सभासदाचे आई-वडील राहतात. सभासदाचे कुटुंबीय राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही. लग्न झालेली मुलगी आणि नातवंडं राहत असली तरीही नाही. नुसतं कुलूप असलेल्या घरालाही ते लावता येत नाही, कारण शुल्क आहे ते घर दुसऱ्याला वापरायला दिल्याचं. म्हणून इथे योग्य आकडा शून्य आहे आणि पत्रात तोच मागायचा. ‘फार जास्त वाटते’, ‘कमी करावे’ असं लिहू नका. तसं लिहिलं की कमिटी 1,200 चे 800 करते आणि तुमच्यावर उपकार केल्यासारखं सांगते.

सेक्रेटरीचं ठरलेलं उत्तर येतं, “पण जनरल बॉडीत ठराव झालाय ना!” ठराव झालेला असला तरी तो शासनाच्या आदेशावर चढत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं 2007 मध्ये हा आदेश वैध ठरवला आहे. हे उत्तर तोंडी द्यायची वाट पाहू नका, पत्रातच एक वाक्य घाला.

मधला परिच्छेद साधारण असा होतो:

“दि. 6 एप्रिल रोजी संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या नोटिशीत सदनिका क्र. बी-203 समोर ‘बिनभोगवटा शुल्क रु. 1,200’ अशी नोंद आहे. नोटिशीच्या स्क्रीनशॉटची प्रत सोबत जोडली आहे. सदर सदनिका भाड्याने दिलेली नसून तेथे माझे आई-वडील राहतात. शासनाच्या दि. 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशानुसार सभासदाचे कुटुंबीय राहत असलेल्या सदनिकेस हे शुल्क लागू होत नाही, आणि सर्वसाधारण सभेचा ठराव या आदेशाविरुद्ध असू शकत नाही. तरी रु. 1,200 ची आकारणी रद्द करून दुरुस्त बिल द्यावे. उर्वरित रु. 4,800 मी आज संस्थेच्या खात्यात जमा केले आहेत. वादग्रस्त रक्कम थकबाकी धरू नये व तीवर व्याज आकारू नये, ही विनंती.”

शेवटची दोन वाक्यं कधीही गाळू नका. 2014 च्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर द.सा.द.शे. 21 पर्यंत सरळव्याज लावता येतं. बिनवादाची रक्कम भरून ती भरल्याचं पत्रात लिहिलं, तर व्याजाचा वाद फक्त 1,200 पुरता उरतो. पैसे बँकेतून पाठवा, रोख देऊ नका. आधीच्या तिमाह्यांत हेच शुल्क तुम्ही भरून बसला असाल तर त्याच्या पावत्यांचे क्रमांक लिहून ती रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागा. मात्र एका पत्रात एवढंच ठेवा. पार्किंग, टाकीची गळती, कमिटीचा हिशोब हे सगळं यात कोंबलं की बैठकीत चर्चा गळतीवर जाते आणि तुमची ओळ तशीच राहते.

भाषा सौम्य ठेवा. ‘लूट’, ‘मनमानी’ हे शब्द नकोत. सेक्रेटरी बिनपगारी काम करतो आणि बाजारात रोज तुमच्या वडिलांना भेटतो. आकडा आणि तारीख पुरेशी कडक असते.

सही

सही सभासदाचीच हवी. शेअर सर्टिफिकेट मुलाच्या नावावर असेल आणि पत्र वडिलांनी लिहिलं, तर “तुम्ही सभासद नाही” म्हणून ते हमखास परत येतं. डोंबिवलीत सही करून कागद पाठवा, वडिलांनी तो फक्त पोचवावा.

पोच

दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर सही, तारीख, शिक्का. सेक्रेटरी पोच द्यायला तयार नसेल तर संस्थेच्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्ट. ग्रुपवर पत्राचा फोटो टाकणं म्हणजे पोच नव्हे.

नंतर

आदर्श उपविधींप्रमाणे कमिटीनं अशा अर्जावर पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन त्यानंतर 15 दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं. तुमच्या संस्थेनं कोणते उपविधी स्वीकारलेत ते एकदा तपासून घ्या. उत्तर आलं नाही तर पहिल्या पत्राची प्रत जोडून चार ओळींचं स्मरणपत्र द्या. तरीही काही हललं नाही तर हीच कागदपत्रं घेऊन तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. पोचेची प्रत नसेल तर तिथे पहिला प्रश्न तिचाच येतो.

पुढचं बिल आलं की दोन जागा पाहा. बिनभोगवटा शुल्काची ओळ गेली का, आणि ‘मागील बाकी’च्या रकान्यात 1,200 गुपचूप येऊन बसले नाहीत ना. कमिटीनं तोंडी होकार दिला तरी बिलं करणाऱ्या माणसाला कोणी सांगितलेलं नसतं, आणि बाकी तशीच पुढे ओढली जाते. ती दिसली तर त्याच दिवशी पहिल्या पत्राचा संदर्भ देऊन दुरुस्ती मागा, आणि त्या बिलातली बिनवादाची रक्कम पुन्हा भरून टाका.