उन्नत कोनाची आकृती: आधी डोळ्यातून आडवी रेघ

शाब्दिक उदाहरणात उन्नत कोन आला की गणिताआधी आकृतीच चुकते. समजा, सोलापुरात एका मिलच्या चिमणीपासून 30 मीटरवर मुलगी उभी आहे. डोळे जमिनीपासून 1.5 मीटरवर, चिमणीच्या टोकाचा उन्नत कोन 60°. चिमणीची उंची काढायची आहे.

1. चिमणी आणि मुलगी, दोन उभ्या रेघा काढा.
2. डोळ्यातून चिमणीपर्यंत आडवी रेघ न्या. लांबी 30, काटकोन चिमणीपाशी.
3. डोळ्यापासून टोकापर्यंत तिरकी रेघ. 60° डोळ्यापाशीच लिहा.

समोरची बाजू = 30 × tan 60° = 30 × 1.73 = 51.9. यात डोळ्यांची उंची मिळवा (हीच हमखास राहते): 53.4 मीटर.

समोरची बाजू 17.3 आली तर कोन टोकापाशी लिहिलाय. 45° हून मोठ्या कोनाला ती आडव्या रेघेपेक्षा मोठीच हवी.