35 माणसांची भरती कमी का पडली?

बुटीबोरी एमआयडीसीत आमचं पॅकिंग युनिट आहे. गेल्या वर्षी माणसांचा अंदाज मीच बांधला होता आणि ऐन दिवाळीच्या ऑर्डरीत तोंडघशी पडलो.

हिशोब वरवर चोख होता. 120 माणसं, काम 20 टक्क्यांनी वाढणार, म्हणजे 144 लागतील. नव्या मशीनमुळे माणशी काम 5 टक्के वाढेल, म्हणून 144 भागिले 1.05, सुमारे 137. वाढीची 17 आणि 15 टक्के गळतीची 18 मिळून 35 भरती.

चूक त्या 15 टक्क्यांत होती. हजेरीपट वेगळा काढला तेव्हा दिसलं, की 100 जुन्यांपैकी 10 गेले होते, पण 20 नव्यांपैकी 8. नवे मोजकेच असल्यामुळे सरासरी सौम्य दिसत होती. भरती वाढली की नव्यांची गळतीही वाढणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

यंदाही 120 माणसं आणि गरज 137 चीच, पण जुन्या-नव्यांचा हिशोब वेगळा केला. सध्याच्या 120 मधले 12 जातील, 108 उरतील. 137 ला 29 हवेत. नव्यांपैकी 60 टक्केच टिकतात, म्हणून 29 भागिले 0.6, म्हणजे 49.

"एवढी?" साहेबांनी भुवया उंचावल्या. हजेरीपट पुढे सरकवला, मग सही झाली.

आमच्याकडे हात बसायला तीन महिने लागतात, त्यामुळे भरती जूनमध्येच उरकली. मशीन मात्र उशिरा आलं. ते 5 टक्के मी आता मशीन प्रत्यक्ष चालू झाल्यावरच धरतो.