कापसाच्या पुटची किंमत: वर-खाली गुणक कसे बसवावेत आणि पायऱ्या किती घ्याव्यात

यवतमाळकडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला तीन महिन्यांनी कापूस विकायचा आहे आणि भाव पडण्याची धास्ती आहे, असं धरू. वायदा क्विंटलला 7000 रुपयांवर आहे. त्याच भावाचा पुट, म्हणजे ठरलेल्या भावाने विकण्याचा, मुदतीच्या दिवशीच वापरता येणारा हक्क घ्यायचा, तर प्रीमियम किती वाजवी? आकडे उदाहरणाचे आहेत, पण वायदा, चढउतार आणि व्याज बदललं की हाच हिशेब तुमचा होतो.

आधी चढउतार काढा. रोजच्या भावाला आदल्या दिवशीच्या भावाने भागा, त्याचा नैसर्गिक लॉग घ्या आणि वर्षभराच्या अशा आकड्यांचं प्रमाण विचलन काढा. समजा ते 1.51 टक्के आलं. वर्षाला व्यवहाराचे 252 दिवस धरले, तर त्याला √252 ने, म्हणजे 15.87 ने गुणायचं. 24 टक्के येतात. थेट 252 ने गुणणारे सापडतात, त्यांचं उत्तर 380 टक्क्यांच्या घरात जातं. ही चूक निदान लगेच दिसते. लपून राहते ती दुसरी: बाजार बंद असलेल्या दिवशी आदल्याच दिवसाचा भाव पुन्हा भरला, की मध्ये शून्यं घुसतात आणि चढउतार खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. तसंच एका महिन्याचा वायदा संपून दुसरा सुरू होतो, त्या सांध्यावरची उडी गाळा. ती भावाची हालचाल नसते.

आता गुणक. मुदत 0.25 वर्ष, पायऱ्या 3, म्हणजे एक पायरी 1/12 वर्षाची. कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांनी 1979 साली मांडलेली पद्धत वापरू: प्रत्येक पायरीला भाव एकतर वरच्या गुणकाने वाढतो, नाहीतर खालच्या गुणकाने घटतो, आणि अशा फांद्यांचं झाड तयार होतं. पहिल्या रकान्यांत B1 वायदा, B2 पुटचा ठरलेला भाव, B3 चढउतार, B4 मुदत, B5 पायऱ्या, B6 व्याज (6 टक्के, म्हणजे 0.06) आणि पुढे B7, B8, B9 मध्ये ही तीन सूत्रं:

```
=EXP(B3*SQRT(B4/B5))
=1/B7
=(1-B8)/(B7-B8)
```

पहिला वरचा गुणक, 1.0717. दुसरा खालचा, 0.9331. तिसरं वर जाण्याचं वजन, 0.4827. हे वजन म्हणजे भाव चढेल की पडेल याचा अंदाज नव्हे. सरासरी वायदा आहे तिथेच राहावी म्हणून ते तसं बसतं. वायद्याऐवजी हजर भावावरून झाड काढत असाल, तर 1 च्या जागी व्याजाने वाढलेला आकडा येतो. कापसाला गोदामभाडंही लागतं, म्हणून वायदाच सोपा.

गुणक बरोबर बसलेत का, हे एका ओळीत तपासता येतं. वरचा अधिक खालचा उणे 2 केलं, तर 0.004802 येतं. 0.24 चा वर्ग गुणिले 1/12 म्हणजे 0.0048. दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. खूप फरक पडला, तर बहुधा वर्षाचा चढउतार आणि महिन्यांतली मुदत एकत्र झालेली असते.

तीन पायऱ्यांच्या शेवटी चार भाव उरतात. 7000 च्या खालचे दोनच: 5686 आणि 6531. त्यांवर पुट 1314 आणि 469 रुपये देतो, शक्यता 13.84 आणि 38.75 टक्के. गुणून बेरीज 363.44; तीन महिन्यांचं व्याज वजा केलं, म्हणजे EXP(-B6*B4) ने गुणलं, की 358.03 रुपये.

अखंड काळासाठीचं, वायद्यावरच्या ऑप्शनचं ब्लॅकचं 1976 चं सूत्र याच आकड्यांना 329.92 देतं. म्हणजे आपण 28 रुपये वर आहोत. पायऱ्या वाढवल्या की हळूहळू खाली येऊ, असं वाटेल. तसं होत नाही:

```
n=1   413.25
n=2   292.39
n=3   358.03
n=4   310.12
```

उत्तर विषम पायऱ्यांना वर, समला खाली झुलतं. सम पायऱ्यांत मधला भाव नेमका 7000 वर येतो. सगळ्यात मोठी शक्यता तिथेच साचते आणि पुट तिथे शून्य देतो, खरं तर त्या पट्ट्यातला निम्मा भाग पैसे देणारा असूनही. विषम पायऱ्यांत 7000 दोन टोकांच्या मधोमध पडतो, त्यामुळे चूक उलट बाजूला जाते. ही चूक साधारण 82 भागिले पायऱ्या इतकी राहते. 100 पायऱ्यांवर अंदाजे 80 पैसे कमी आणि 101 वर तेवढेच जास्त.

म्हणून 100 आणि 101, दोन्ही काढून सरासरी घ्या, झोका जवळपास मिटतो. एकट्या 1000 पायऱ्यांवरही सुमारे 8 पैशांचा फरक राहतो. मात्र पुटचा ठरलेला भाव वायद्यापासून दूर असेल, समजा 6500, तर झोक्याचा ताल असा सम-विषम राहत नाही आणि सरासरीचा भरवसा धरता येत नाही. तिथे पायऱ्यांची संख्या एकेकाने बदलून दहा-बारा उत्तरं शेजारी मांडा. ती ज्या पट्ट्यात हलतात, तेवढी तुमच्या आकड्याची अनिश्चितता.